क्वांटम डिफेक्ट: दोष म्हणावं की तूट?

प्रश्न: इंदूरला एम.एस्सी. करतोय. सोडियम दिव्याच्या वर्णपटावरून क्वांटम डिफेक्ट काढायचा प्रयोग आहे. हिंदी नोट्समध्ये 'क्वांटम दोष' लिहिलंय, पण दोष नेमका कुणाचा? मराठीत काय म्हणावं? आणि l बदलला की पातळी का सरकते?

'तूट' म्हणा. अणूत बिघाड काहीच नाही, आकडा तेवढा कमी भरतो. हिंदीतल्या 'द्रव्यमान क्षति'मध्येही डिफेक्टचा अर्थ असाच आहे. तिथे क्षति आणि इथे दोष, ही गल्लत नोट्सची. कमी भरतो तो n. हायड्रोजनच्या सूत्रात n च्या जागी n − δ घातलं की सोडियमच्या पातळ्या बसतात:

E = −13.606 / (n − δ)² eV

हा δ म्हणजे क्वांटम तूट. n − δ ला परिणामी n म्हणू.

हायड्रोजनमध्ये n = 3 च्या सगळ्या पातळ्या (सूक्ष्म भेद सोडले तर) 1.51 eV खोल असतात, l कितीही असो. सोडियममध्ये 3s 5.14, 3p 3.04 आणि 3d 1.52 eV खोल आहे. 3s साठी 13.606 ला 5.139 ने भागून वर्गमूळ काढा: 1.63. म्हणजे तिनात 1.37 ची तूट. याच रीतीने 3p ची तूट 0.88 येते आणि 3d ची जेमतेम 0.01.

कारण आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या गाभ्यात आहे. बाहेरचा इलेक्ट्रॉन गाभ्यापासून दूर असेपर्यंत त्याला +1 एवढाच प्रभार जाणवतो, म्हणजे हायड्रोजनच. गाभ्यात शिरला की आतल्या इलेक्ट्रॉनांचं झाकण विरळ होत जातं आणि केंद्राचे +11 उघडे पडू लागतात. ओढ वाढते, पातळी खोल जाते. आत किती शिरायचं ते l ठरवतो. कोनीय संवेग असला की l(l+1)/r² च्या प्रमाणात वाढणारा अपकेंद्री अडसर केंद्राजवळ उभा राहतो. s ला तो नसतोच, p ला थोडा, आणि d ला इतका की 3d चा इलेक्ट्रॉन सरासरी साडेपाच अँगस्ट्रॉमवर फिरतो, तर गाभा जेमतेम एका अँगस्ट्रॉमचा. तरी d, f ची तूट अगदी शून्य होत नाही, कारण बाहेरच्या इलेक्ट्रॉनमुळे गाभा किंचित ध्रुवित होतो आणि थोडी जास्तीची ओढ निर्माण करतो.

खरी गंमत पुढे आहे. 3s ची तूट 1.37, 4s ची 1.36, आणि n वाढवत नेला की ती 1.35 वर ठरते. n बदलूनही तूट जवळजवळ तीच का? गाभ्याच्या आत स्थितिज ऊर्जा इतकी खोल असते की बाहेरची पातळी दोन eV वर आहे की अर्ध्या eV वर, याने आतल्या तरंगाला फारसा फरक पडत नाही. आत तरंग दाट होतो आणि बाहेर पडताना हायड्रोजनच्या तरंगापेक्षा πδ इतकी कला पुढे असते. ही कला l वर ठरते, n वर नावापुरती. म्हणून 'सोडियमची तूट' असं मोघम न लिहिता 's ची तूट', 'p ची तूट' असंच लिहावं.

आता प्रयोगाचं. 589.0 आणि 589.6 nm या पिवळ्या जोडीतलं अंतर म्हणजे तूट नव्हे. ते स्पिन आणि कक्षा यांच्या जोडणीतून येतं. ही गफलत व्हायव्हात हमखास पकडली जाते. तूट काढायला आयनीभवन ऊर्जा 5.139 मधून त्या जोडीची सरासरी 2.104 eV वजा करून 3p ची खोली घ्या: 3.035 eV.

d साठी 819 nm ची रेषा डोळ्याला दिसणार नाही, म्हणून 568 nm जवळची हिरवी जोडी पकडा; ती 4d वरून 3p वर येते. मध्य 568.5 घेतला तर 2.181 eV, म्हणजे 4d ची खोली 0.854, परिणामी n 3.991 आणि तूट 0.009. अचूक मोजमापातून ती 0.012 येते. इथे सांभाळा: n = 4 जवळ 0.005 eV ची चूक परिणामी n मध्ये 0.012 ची चूक करते. वर्णपटमापीवर तेवढी चूक व्हायला 1.3 nm पुरे. म्हणजे एवढ्यात d ची अख्खी तूट वाहून जाऊ शकते, कधी ऋणही येते. ऋण आली तर आधी मापांकन तपासा, सिद्धांत नंतर. s च्या 1.37 ला मात्र असल्या चुकीने धक्का लागत नाही.

शेवटची अडचण n ची. बाहेरच्या इलेक्ट्रॉनची सर्वांत खालची पातळी 1s धरून बसलात तर तूट −0.63 येईल. n मोजताना गाभ्यातले 1s आणि 2s धरूनच मोजायचं, बाहेरचा तिसरा.