काजू की तेल: हातातला १ लाख कुठे घालायचा?

प्रश्न: कर्वेनगरला ४०० स्क्वेअर फुटांचं किराणा दुकान आहे. काजूवर खरेदीच्या २५ टक्के सुटतात, तेलाच्या पिशव्यांवर जेमतेम ४. सीए म्हणाले जीएमआरओआय, म्हणजे मालात अडकलेल्या रुपयामागे वर्षाला किती ढोबळ नफा येतो, तो काढून बघा. काढला, तर काजू १.७१ आणि तेल १.५०, म्हणजे काजूच वर. हाताशी १ लाख आहे आणि समोरचा एक रॅक बदलायचाय. सगळं काजूत घालू का? विक्रीचे आकडे आणि बिलिंगमधला महिनाअखेरच्या शिल्लकीचा रिपोर्ट जोडलाय.

उत्तर:

तुमचा रिपोर्ट नीट पाहिला. सूत्र बरोबर लावलंय, पण काजूचा आकडा चुकलाय, आणि ती चूक बहुतेक दुकानदार करतात.

जीएमआरओआय म्हणजे वर्षाचा ढोबळ नफा भागिले त्या मालात वर्षभर सरासरी अडकलेले पैसे, खरेदीच्या भावाने मोजलेले. तुम्ही ३१ मार्चची शिल्लक घेतलीत, ३५,००० रुपये. काजूची वर्षाची विक्री ३ लाख, ढोबळ नफा ६०,०००, म्हणून १.७१ आला. पण ३१ मार्चला आपण सगळेच माल कमी करून ठेवतो, स्टॉक मोजायला सोपा जातो आणि हिशेबही आटोपशीर दिसतो. तुमच्याच रिपोर्टमध्ये ऑगस्टअखेर १,२५,००० रुपयांचे काजू आहेत, सप्टेंबरअखेर १,६०,०००, आणि दिवाळी होऊन गेल्यावरही नोव्हेंबरअखेर १,१०,०००. हे पैसे खरोखर अडकले होते, पण तुमच्या भागाकारात ते कुठेच आले नाहीत.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक आणि बारा महिनाअखेरच्या, अशा १३ आकड्यांची सरासरी घ्या. तुमच्या काजूची ती ८०,००० येते. आता ६०,००० भागिले ८०,००० म्हणजे ०.७५. काजूत घातलेला रुपया वर्षभरात फक्त ७५ पैसे ढोबळ नफा देतोय. तेलाची शिल्लक बाराही महिने ३२,००० च्या आसपास आहे आणि नफा ४८,०००, म्हणून तेलाचा १.५० तसाच राहिला. क्रम उलटला.

असं का झालं ते समजून घ्या, कारण पुढचा निर्णय त्यावरच आहे. जीएमआरओआय म्हणजे खरेदीवर सुटणारे टक्के गुणिले माल वर्षातून किती वेळा फिरतो तो आकडा. काजूवर २५ टक्के सुटतात, पण ८०,००० चा माल वर्षातून तीनदाच फिरतो. तेलावर ४ टक्क्यांच्या जरा वर सुटतात, पण दहा दिवसांचाच साठा असल्याने तोच पैसा वर्षात ३६ वेळा फिरतो. इथे टक्के खरेदीवरचेच धरायचे. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर खरेदीवर २५ टक्के होतात आणि विक्रीवर २०. खरेदीचे टक्के विक्रीच्या आकड्याला लावले की नफा फुगतो. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर दोन्हीकडून कर वगळा. कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवरचा कर परत मिळत नाही, तेव्हा तो खरेदी भावातच धरायला हवा.

काजूच्या नफ्यातून नुकसानही वजा करा. सहकारनगरला दुकान सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी एका घाऊक व्यापाऱ्याने भाव चढणार म्हणून सांगितलं आणि मी जूनमध्ये चार महिन्यांचे काजू उचलले. पुण्याच्या पावसाळी हवेत पोत्यातून बरण्यांत भरेपर्यंत ते सादळले. काही खवट झाले, १२ किलो तुकड्याच्या भावाने काढावे लागले. वहीत मार्जिन २५ टक्केच लिहिलेलं होतं, गल्ल्यात तेवढं कधी आलंच नाही. तुमच्याकडेही किती माल भाव पाडून गेला ते एकदा तपासा. ०.७५ सुद्धा जास्तच निघायची शक्यता आहे.

आता किती जीएमआरओआय पुरेसा? तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे भाडं, लाइट आणि कामावरच्या मुलाचा पगार मिळून वर्षाला ४,२०,००० जातात, घरखर्चाला ३,६०,००० काढता. एकूण ७,८०,०००. दुकानात सरासरी माल ६ लाखांचा आहे. म्हणजे सगळ्या दुकानाचा मिळून १.३ आला तरच हे भागतं. प्रत्येक वस्तूने १.३ गाठायलाच हवा असं नाही, पण नवा रुपया त्याच्या खाली जाणाऱ्या जागी घालू नये.

तुमच्या रिपोर्टमधली तिसरी वस्तू मला सगळ्यात मोलाची वाटली आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. बचत गटाच्या ताई दर सोमवारी चकली, शेव, भाजणीची पाकिटं देऊन जातात. विक्री ३,६०,०००, ढोबळ नफा ६४,८००, आणि साठा सरासरी २४,६०० चाच. जीएमआरओआय २.६३. शिवाय न विकलेलं पाकीट ताई पुढच्या सोमवारी बदलून देतात, म्हणजे माल पडून राहण्याची जोखीमही कमी.

पण थांबा, इथेच दुसरी चूक होते. ही यादी पैसा कुठे घालायचा ते सांगते. रॅक कोणाला द्यायचा ते सांगत नाही. फळी ही वेगळी अडचण आहे आणि तिच्यासाठी भागाकारही वेगळा: नफा भागिले फळीची फुटं. काजूच्या बरण्या २ फुटांत बसतात, म्हणजे फुटाला ३०,०००. चकली-शेव ५ फूट, फुटाला १२,९६०. तेल ६ फूट, फुटाला ८,०००. पैशाच्या हिशेबात तळाला असलेला काजू जागेच्या हिशेबात सगळ्यांच्या वर गेला. ०.७५ पाहून कोणी काजू फळीवरूनच हटवला तर दुकानातली सगळ्यात कमावती दोन फुटं हातची जातील.

काजूचा दोष फळीवर नाहीच, तो मागच्या खोलीत आहे. तीन-तीन महिन्यांचा माल एकदम भरण्याऐवजी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून किंवा रविवार पेठेतून दर पंधरा-वीस दिवसांनी थोडा थोडा आणा. भाव थोडा चढा लागेल. समजा विक्रीवर २० ऐवजी १८ टक्केच सुटले, तर नफा ५४,००० होईल, ६,००० कमी. पण सरासरी साठा २५,००० वर आला तर जीएमआरओआय २.१६ होतो आणि ५५,००० रुपये मोकळे होतात. टेम्पोचं भाडं मात्र काजूच्याच नावावर टाका. कोथरूड-कर्वेनगरकडून यार्डात जायला सकाळ मोडते, म्हणून ही फेरी तुम्ही इतर मालासाठी जाताच तिच्यात बसवलीत तरच परवडेल.

म्हणजे तुमचा १ लाख आणि काजूतून सुटलेले ५५,००० कुठे घालायचे? २.६३ वाल्या चकलीत सगळे ओतू नका. २.६३ ही आत्ताच्या २४,६०० ची सरासरी आहे, पुढच्या रुपयाची कमाई नाही. साठा चौपट केला म्हणून कर्वेनगरची माणसं चौपट चकली खाणार नाहीत. ब्रेडचं उदाहरण घ्या: सकाळी येतो, संध्याकाळी संपतो, साठा जवळजवळ शून्य, म्हणून जीएमआरओआय प्रचंड दिसतो. पण ब्रेडमध्ये ५०,००० घालायला जागाच नाही. भाजक फार लहान असेल तेव्हा क्रमातला वरचा नंबर गुंतवणुकीच्या कामाचा नसतो.

पुढचा रुपया कुठे कमावेल हे माल संपण्यावरून कळतं. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक मागून गेलं आणि माल नव्हता, की वस्तू आणि तारीख लिहा. मुलालाही सांगा, कारण दुपारी तुम्ही नसता तेव्हाचं तोच लिहू शकतो. महिनाभरात जी वस्तू सात-आठ दिवस संपलेली निघेल, तिथे साठा वाढवला तर विक्री लगेच वाढते. तुमची चकली शनिवारपासून सोमवारपर्यंत नसते असं तुम्हीच लिहिलंय, आणि सोसायट्यांमधली माणसं खरेदीला येतात ती रविवारीच. ताईंना गुरुवारी दुसरी खेप द्यायला सांगा. त्यात साठा फारसा वाढत नाही आणि रिकामे दोन दिवस भरतात.

रॅकसाठी असं करून बघा. तेल नजरेसमोर ठेवायची गरज नाही. तेलाचं गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, पिशव्या तळाच्या फळीवर असल्या तरी त्या जाणारच. चकली-शेव मात्र दिसली की घेतली जाते. तेलाची २ फुटं खाली सरकवा आणि ती जागा चकलीला द्या. ही फुटं भरायला साधारण ८,००० रुपयांचा जादा माल लागेल. १.३ च्या हिशेबाने त्या ८,००० नी वर्षाला १०,४०० कमवायला हवेत, आठवड्याला २००. चकलीवर १८ टक्के सुटतात, म्हणजे आठवड्याची विक्री साधारण १,१०० रुपयांनी वाढायला हवी. आत्ता ती ७,००० च्या जवळ आहे. चार आठवडे मोजा, पण गणपती, नवरात्र, दिवाळीचे आठवडे धरू नका, आणि गुरुवारची खेप त्याच महिन्यात सुरू करू नका, नाहीतर वाढ कशामुळे झाली ते कळणार नाही. ८,१०० च्या वर गेली तर फुटं चकलीची. ७,५०० वर अडकली तर फळी परत बदला.

माझ्या अंदाजाने चकली आणि तुमच्या वहीत निघतील त्या दोन-तीन वस्तू मिळून ४०,००० च्या आसपास रिचवतील. बाकीच्या पैशातून तेलाच्या आणि डाळींच्या व्यापाऱ्याला रोखीने द्या आणि रोखीचा भाव मागा. पिशवीमागे रुपया जरी सुटला तरी ३६ फेऱ्यांमध्ये तो रुपया पुन्हा पुन्हा मिळतो, आणि साठा तसूभरही वाढवावा लागत नाही.

दिवाळीचे काजू मात्र वेगळ्या पानावर मांडा. ती खरेदी आणि विक्री पाच-सहा आठवड्यांची आहे, वर्षाच्या सरासरीत मिसळली की दोन्हीचं चित्र बिघडतं. मागच्या वर्षी दिवाळीच्या पंधरवड्यात नक्की किती किलो गेले ते बिलिंगमधून काढा आणि पहिली खरेदी त्याच्या तीन चतुर्थांशच करा. उरलेलं लागेल तेव्हा यार्डातून आणा. नोव्हेंबरअखेर काय उरलं तो आकडा इथे टाका, पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरून ठरवू.