मोडक्या इंग्रजीतली प्रेमपत्रं मराठीत लिहिताना

प्रश्न: मला एक लघुकथा लिहायची आहे. दोन वेगळ्या देशांतले पत्रमित्र, दोघांचंही इंग्रजी कच्चं, आणि त्या पत्रांतूनच ते प्रेमात पडतात. पण कथा मराठीत आहे! मग मोडकं इंग्रजी दाखवायचं कसं? माझ्या मसुद्यात दोघंही बावळट वाटतायत.

उत्तर:

बावळट वाटतायत, कारण बहुतेक तुम्ही दोघांचं मराठी मोडलंय, आणि तेही एकाच पद्धतीनं. मीसुद्धा हेच केलं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात तो लिहायचा, "मी खूप खूश पत्र मिळून", आणि ती उत्तर द्यायची, "मी पण खूश तू खूश म्हणून". एका संपादकांनी समासात एवढंच लिहून मसुदा परत पाठवला: "हे दोघं एकाच घरात वाढलेत का?" राग आला, पण त्यांचं बरोबर होतं.

मी परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे आधीच लक्षात यायला हवं होतं. सरसकट सगळ्यांचं म्हणून एक मोडकं इंग्रजी नसतंच. माणूस मातृभाषेत वाक्य जुळवतो आणि वर इंग्रजी शब्द चिकटवतो, त्यामुळे तो कुठे घसरणार हे त्याची मातृभाषा ठरवते. म्हणून सगळ्यात आधी दोघांच्या मातृभाषा नक्की करा. मी तिला तुर्की दिली आणि त्याला स्पॅनिश, कारण या दोन भाषा बोलणारे विद्यार्थी माझ्याकडे बरेच असतात आणि त्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत.

तुर्कीत तो, ती, ते या तिघांना मिळून एकच सर्वनाम आहे. त्यामुळे चांगलं इंग्रजी येणारे तुर्कीसुद्धा घाईत बहिणीला इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो', म्हणून जातात. इथे मराठी तुमच्या मदतीला येतं: "माझी धाकटी बहीण आजारी आहे. तो रात्रभर खोकतो." वाचक हसतो, पण ती मूर्ख वाटत नाही, परकी वाटते. स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा नसतो, तेवढी वर्षं त्याच्यापाशी असतात. म्हणून तो पहिल्या पत्रात लिहितो, "माझ्याकडे बावीस वर्षं आहेत." ही चूक मराठीत इतकी गोड उतरते की मी ती शेवटपर्यंत जपून ठेवली. उलट काही चुका मराठीत दिसतच नाहीत. स्पॅनिश माणूस इंग्रजीत कर्ता गाळतो, पण मराठीतही आपण तो सर्रास गाळतो, मग वाचकाला त्यात चूक दिसणार कशी? असल्या चुका सोडून द्या.

एका पत्रात अशी एकच चूक ठेवा, फार तर दोन. बाकीची वाक्यं शुद्ध असू देत, फक्त छोटी. कच्च्या भाषेत लिहिणारा माणूस चुकतो कमी आणि आखडून जास्त लिहितो. त्याच्यापाशी 'जरी-तरी' नसतं, 'जणू' नसतं, भावनांची नावं तर जवळजवळ नसतातच. माझ्या नायिकेला एकटेपणासाठी इंग्रजी शब्द माहीत नाही आणि शब्दकोश बहिणीच्या खोलीत आहे. म्हणून ती लिहिते, "आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. रात्री मी एका खुर्चीवर बसते. तीन खुर्च्या माझ्याकडे बघतात." तो हे वाचतो आणि पुढच्या पत्रात आपल्या खोलीतल्या वस्तू मोजतो. माझ्या मते प्रेम इथेच सुरू झालं. येत असता तर तिनं 'लोनली' हा शब्द लिहिला असता आणि पत्र तिथेच मेलं असतं.

कथेला वळण देणारी चूक मात्र वेगळी हवी. ती चूक तिथे येईपर्यंत राखून ठेवा आणि त्या वाक्याचं भाषांतर करू नका. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं देवनागरीत येऊ द्या. वाचकाला तेवढं इंग्रजी येतं.

माझ्याकडे अशी दोन वाक्यं होती. तुर्की माणसाला कोणाची आठवण येत असेल तर तो क्रियापद भूतकाळात वापरतो, जशी आपल्याला 'भूक लागली' असते, म्हणजे आत्ता लागलेली असते. म्हणून ती लिहिते, "आय मिस्ड यू." तिच्या मनात ते आजचं आहे. त्याच्या खिशातल्या छोट्या शब्दकोशात 'मिस'पुढे जो पहिला अर्थ आहे तो गाडी चुकण्याचा, आणि स्पॅनिशमध्ये गाडी चुकणं आणि एखादी गोष्ट हरवणं याला क्रियापद एकच. तो बोटानं ओळ धरून वाचतो आणि त्याला कळतं ते असं: मी तुला गमावलं. तेही भूतकाळात. म्हणजे संपलं.

दुसरं वाक्य त्याचं. स्पॅनिशमध्ये आशा करणं आणि वाट बघणं यांना एकच क्रियापद आहे, 'एस्पेरार'. मी तुझी वाट बघेन असं त्याला म्हणायचंय, पण दोन इंग्रजी शब्दांतला तो चुकीचा उचलतो आणि लिहितो, "आय अंडरस्टँड. आय होप यू." खाली सही.

आता ती हे कसं वाचेल? तिला वाक्य अर्धवट वाटतं. तू बरी असशील अशी आशा करतो? तू मला विसरशील अशी आशा करतो? ती पाकीट उलटं करून झटकते, आतून बोट फिरवते, दुसरं पान कुठे चिकटलंय का बघते. मग कागद दिव्याजवळ धरते, तेव्हा तिला दिसतं की 'यू'नंतर पूर्णविराम आहे, पेन जोरात टेकल्यामुळे कागदाला मागून टोचलेला. या एका टिंबावर मी जवळजवळ पानभर लिहिलं, आणि ते कापावंसं कधी वाटलं नाही.

इथे टपालाचा वेळ हाताशी धरा. एका बाजूला कागद घेऊन तारखा मांडा, नाहीतर गोंधळ होतो. माझ्या कथेत पत्राला दहा दिवस लागतात. तिनं 'मिस्ड यू' १ तारखेला लिहिलं, ते त्याला ११ला मिळालं, आणि १२ला त्यानं 'होप यू' लिहिलं. पण मधे ६ तारखेला तिनं एक साधं पत्र टाकलेलं होतं: बहिणीचा खोकला, पाऊस, खुर्च्या. ते १६ला येतं. तो दोन्ही पत्रं शेजारी ठेवतो आणि डोक्यावरच्या तारखा बघतो. १ तारखेला 'मी तुला गमावलं' म्हणून सांगणारी बाई पाच दिवसांनी बहिणीच्या खोकल्याबद्दल कशाला लिहील? तो शब्दकोश पुन्हा उघडतो आणि या वेळी पहिल्या अर्थावर थांबत नाही. त्याची चूक १६ला सुधारते, पण त्याचं चुकीचं पत्र २२ला तिच्या हातात पडायचंच असतं. त्याला ते माहीत आहे आणि काही करता येत नाही. फोनच्या काळातल्या कथेत हे सहा दिवस तुम्हाला मिळणार नाहीत, म्हणून काळ ईमेलच्या आधीचाच ठेवा.

त्या काळाची एक वस्तू वापरता आली तर बघा: इंटरनॅशनल रिप्लाय कूपन. १९०६ साली रोमला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेत ही योजना ठरली. ते कूपन पत्रात घालायचं, समोरच्यानं आपल्या देशातल्या पोस्टात द्यायचं, आणि परदेशी साध्या पत्राला पुरतील एवढी तिकिटं घ्यायची. म्हणजे उत्तराचा खर्च आपण आधीच भरलेला. माझी नायिका 'दुसरं पान आलं नाही, कृपया पाठव' असं लिहून त्यात कूपन घालते. रागावलेल्या माणसानंसुद्धा उत्तर टाळू नये म्हणून.

आता 'यू'चा प्रश्न, जो इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडलाच नसता, पण मराठीत लिहिणाऱ्याला पडतो. तू की तुम्ही? तुर्की आणि स्पॅनिश दोन्हींत आपल्यासारखाच हा भेद आहे, पण इंग्रजीत नाही. त्यामुळे या दोघांना एकमेकांशी एरवी इतक्या लवकर न मिळणारी सलगी फुकटात मिळालीय, आणि समोरचा आपल्याला मनात काय म्हणतो हे दोघांनाही माहीत नाही. काही जण मधल्या एखाद्या पत्रात 'तुम्ही'चं 'तू' करतात. मला ते पटत नाही. तो बदल लेखकाचा झाला, पात्राचा नाही, कारण पत्रात तो दिसूच शकत नाही. मी पत्रांत पहिल्यापासून 'तू' ठेवलं आणि बदल कच्च्या खर्ड्यात दाखवला. तो आधी स्पॅनिशमध्ये खर्डा लिहितो. एके दिवशी आदराचं सर्वनाम लिहितो, खोडतो, वर एकेरी लिहितो, आणि मग इंग्रजीत उतरवताना दोन्हींचं 'यू'च होतं. तिला हे कधीच कळणार नाही. वाचकाला कळतं.

चुका हळूहळू सुधारत न्यायच्या का, असं कदाचित विचाराल. थोड्या. पण त्याहून खरं असं की दोघं एकमेकांच्या चुका उचलतात. वर्गातही शेजारी बसणाऱ्यांचं असंच होतं, आणि या दोघांना तर दुसरं इंग्रजी वाचायलाच मिळत नाही. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह असतं. तो सवयीनं ते इंग्रजीतही घालतो, आणि तिला आधी वाटतं की हे त्याचं काहीतरी चित्र आहे. तुर्कीत दोन वेगळे 'आय' आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा, मोठ्या अक्षरातसुद्धा. म्हणून तिच्या हातून इंग्रजी 'मी'च्या, म्हणजे मोठ्या 'आय'च्या डोक्यावरही टिंब पडतं.

त्याचं खुलाशाचं पत्र आल्यावर तिला 'होप' आणि 'वेट'मधला फरक समजलेला असतो. तरी ती उत्तरात एकच ओळ लिहिते. आधी उलटं प्रश्नचिन्ह, जरा वाकडं, कारण पहिल्यांदाच काढलंय. मग "यू होप मी", मग सुलटं प्रश्नचिन्ह.

त्याचं उत्तर त्याहून लहान आहे, "आय होप". त्यातल्या 'आय'वर टिंब आहे.