ॲप बंद पडतं हे रिव्ह्यूत कसं लिहावं?

प्रश्न: प्ले स्टोअरवर बग कळवायचा आहे. काय लिहिलं तर डेव्हलपरला उपयोग होईल?

कोणतं बटण दाबल्यावर काय झालं ते क्रमाने लिहा आणि फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व ॲपचं व्हर्जन जोडा. ॲपचं व्हर्जन बहुतेक फोनमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, मग त्या ॲपच्या पानावर अगदी तळाशी सापडतं. मी ॲप टेस्टिंग करते. "ॲप चालत नाही, पैसे वाया" असा रिव्ह्यू आला की आमच्या हातात काहीच नसतं, कारण बग आमच्या फोनवर पुन्हा घडवता आला तरच दुरुस्त करता येतो. त्यापेक्षा असं लिहा:

"गॅलॅक्सी A15, अँड्रॉइड 14, ॲप 4.2.1. बिल उघडलं, 'डाउनलोड' दाबलं, ॲप बंद. पाचपैकी पाच वेळा. फोनचा फॉन्ट मोठा ठेवला आहे. नेहमीचा केला की डाउनलोड होतं. 4.1 मध्ये हा त्रास नव्हता."

शेवटची दोन वाक्यं सोन्यासारखी आहेत. कारण कुठे शोधायचं आणि कोणत्या अपडेटनंतर बिघडलं, हे दोन्ही त्यातून कळतं. प्ले स्टोअर डेव्हलपरला फोनचं मॉडेल बऱ्याचदा आपणहून दाखवतं, तरी लिहाच, कारण बग दुसऱ्या फोनवर आलेला असू शकतो. रिव्ह्यूला 500 अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून पायऱ्या आधी, राग नंतर.

मात्र पैसे अडकले असतील तर रिव्ह्यू पुरत नाही. तो सगळ्यांना दिसतो, त्यात मोबाइल किंवा व्यवहार क्रमांक टाकू नका. ॲपच्या पानावरच्या सपोर्ट ईमेलवर स्क्रीनशॉटसह कळवा.