चादरीची साइट लाइव्ह करायच्या आधी एवढं बघून घे

भावा, प्रायव्हसी पॉलिसी दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नको. आपल्या चाटी गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं तसंच केलं, पॉलिसीत लिहिलेलं की आम्ही फोन नंबर घेत नाही आणि चेकआउटला मात्र नंबर कंपल्सरी, म्हणजे पहिल्याच ओळीत खोटं.

आधी कागदावर लिही की तुझी साइट काय काय गोळा करते. नाव, पत्ता, मोबाईल, आणि ते जातं कुणाकडं, तर कुरिअरवाला, पेमेंट गेटवे, गूगल ॲनालिटिक्स. तेवढंच साध्या मराठीत लिहिलं की निम्मं काम झालं.

आता कुकीचं बघ, इथंच बहुतेक जण फसतात. इनकॉग्निटो विंडोत साइट उघड, कुकीची परवानगी विचारणाऱ्या बॅनरवर कशालाच क्लिक करू नको, F12 दाबून Application मधे Cookies बघ. तिथं आधीच गूगल ॲनालिटिक्सची `_ga` कुकी दिसत असेल तर तुझा बॅनर नुसता दाखवायला आहे, परवानगी विचारायच्या आधीच ट्रॅकिंग चालू झालंय. ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट होकार मिळाल्यावरच लोड व्हायला पाहिजे. नकार देऊन पण एकदा तपास.

रिटर्न, शिपिंग, टर्म्स आणि संपर्क ही पानं गेटवेवाले सहसा मागतातच, ती तयार ठेव. आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव नि नंबर टाकायला विसरू नको, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते, त्यामुळं जो फोन खरंच उचलतो त्याचाच नंबर दे.