तीन वर्षांचा चष्मा, चार वर्षांपूर्वीचा नंबर

वाचकाचा प्रश्न : "माझं वय ४३, दोन्ही डोळ्यांना उणे ३ नंबर. नंबर चार वर्षांपूर्वी काढलेला आहे, पण तेव्हापासून लांबचं व्यवस्थित दिसतं. वाचताना चष्मा काढून ठेवतो. दिवसभर स्क्रीनसमोर काम असतं, संध्याकाळी डोकं दुखतं. आधीच्या दोन्ही चष्म्यांच्या काचा वर्षभरातच ओरखड्यांनी खराब झाल्या. या वेळी एकदाच चांगलं घ्यावं म्हणून मोठी टायटॅनियम फ्रेम, १.६७ इंडेक्सच्या पातळ काचा, ब्लू कोटिंग आणि तीन वर्षांचा सुरक्षा प्लॅन असं ठरवलं आहे. बयाणा दिला आहे. की दरवर्षी स्वस्तातला नवा चष्मा परवडेल? कोटेशन सोबत जोडलं आहे."

कोटेशनमधल्या सगळ्यात साध्या काचांच्या जोडीला (१.५० इंडेक्स, हार्ड कोट आणि अँटिग्लेअरसह) मी १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात लिहितो. टायटॅनियम फ्रेम २५०, ब्लू कोटिंगसह १.६७च्या काचा ४००, प्लॅन ८०. एकूण ७३०. दुसरीकडे साधी फ्रेम ८० आणि काचा १००, म्हणजे १८०. दरवर्षी नवा घेतला तर तीन वर्षांचे ५४०. एवढ्यावर उत्तर हवं असेल तर स्वस्त चष्मा जिंकला.

पण हे दोन्ही हिशोब एकाच गृहीतकावर उभे आहेत : नंबर तीन वर्षं तोच राहणार. तुमच्याच पत्रातली तीन वाक्यं त्याच्या विरोधात जातात.

उणे ३ नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. म्हणून पुस्तक किंवा फोन चष्मा काढून छान वाचता येतो. त्रेचाळिसाव्या वर्षी तो काढावासा वाटणं ही चाळिशीची अगदी ठरलेली खूण आहे. डोळ्यातलं भिंग जवळच्यासाठी पूर्वीसारखं फुगत नाही आणि लांबच्या नंबरातून जवळचं बघताना ताण येतो. आता स्क्रीनकडे या. ती असते ६० सेंटिमीटरच्या आसपास. चष्मा काढला तर ती धूसर, घातला तर डोळ्यांना दिवसभर जोर. संध्याकाळच्या डोकेदुखीचं कारण इथेच असण्याची शक्यता मोठी आहे. निदान मी करणार नाही, ते नेत्रतज्ज्ञ करतील. पण निदान होण्याआधी ७३० खर्च करू नका, हे सांगणं माझं काम आहे.

ओरखड्यांचा उगमही तिथेच दिसतो. दिवसातून कितीतरी वेळा चष्मा काढायचा, टेबलावर पालथा ठेवायचा किंवा खिशात टाकायचा, पुन्हा घालताना शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसायचा. काचेवरची धूळ मग पॉलिश पेपरचं काम करते, आणि अँटिग्लेअरच्या थरावर बारीक ओरखडाही उठून दिसतो. काचा महाग घेतल्या म्हणून ही सवय बदलत नाही. तुम्ही १००च्या काचा वर्षात खराब करत होतात, आता ४००च्या कराल.

आता प्लॅनकडे, कारण तुमच्यासारख्या हिशोबी माणसाने तो घेतलाच कसा, हे मला कळलं नाही. कोटेशनच्या तळाशी अटी छापल्या आहेत. एकदाच दावा, तोही फक्त तुटल्यास, आणि नव्या काचांची निम्मी किंमत तुम्ही भरायची. ओरखडे वगळले आहेत, नंबर बदलला तर काही नाही. म्हणजे ८० भरून जास्तीत जास्त २०० मिळणार. हा सौदा बरोबरीत सुटायला तीन वर्षांत काचा तुटण्याची शक्यता ४० टक्के हवी. तुमच्या आधीच्या दोन चष्म्यांपैकी एकाचीही काच तुटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या बाबतीत जे घडतं आणि जे घडणार आहे, नेमकं तेच वगळून हा प्लॅन विकला गेला आहे.

ब्लू कोटिंगचे पैसेही वाचवा. स्क्रीनच्या थकव्यावर ते विकलं जातं, पण वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अशा काचांवरच्या चाचण्यांचा जो आढावा घेतला त्यात, साध्या काचांच्या तुलनेत अल्प काळात थकवा कमी झाल्याचं दिसलं नाही.

१.६७ बद्दल थोडं थांबू, कारण इथे पैसा खरंच वाया जातोय. उणे नंबरची काच कडेला जाड असते आणि ती जाडी इंडेक्सपेक्षाही फ्रेमच्या मापावर जास्त अवलंबून असते. तुमच्या फ्रेमच्या काडीवर ५४-१८ लिहिलेलं असेल, असं कोटेशनवरून दिसतं, म्हणजे एका काचेची रुंदी ५४ मिलिमीटर आणि नाकावरचं दोन काचांमधलं अंतर १८. बाहुल्यांमधलं अंतर ६२ मिलिमीटर धरलं तर काचेचा मध्य प्रत्येकी ५ मिलिमीटर आत सरकवावा लागतो आणि बाहेरची कड मध्यापासून ३२ मिलिमीटरवर जाते. साध्या १.५० काचेत तिथे मध्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर जाडी वाढते, १.६७ मध्ये सुमारे २.३. आता ४८-१८ची फ्रेम घ्या. कड २६ मिलिमीटरवर येते आणि साध्या काचेतच वाढ फक्त २ मिलिमीटर. लहान फ्रेममधल्या साध्या काचेची कडेची वाढ मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा कमी, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. (१.६७ची मध्यजाडी थोडी कमी ठेवता येते, पण उणे ३ला तेवढ्यासाठी तिप्पट-चौपट मोजायचे नसतात. नंबर ६-७ असता तर मी वेगळं बोललो असतो.)

तुमच्या मूळ बेताचा खरा हिशोब मग असा. वर्षभरात जवळचा नंबर निघाला, ४००च्या काचा पुन्हा कराव्या लागल्या, एकूण ११३०. त्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या, करायच्या झाल्या तर आणखी जास्त.

त्याऐवजी दोन चष्मे. एक लांबचा, बरी फ्रेम १२० ची. दुसरा फक्त स्क्रीनच्या अंतराचा, जो टेबलावरच राहील, फ्रेम ६० ची. दोन्हींना साध्या काचा, आणि तीन वर्षांत एकदा दोन्हींच्या काचा बदलतील असं धरून चला. फ्रेमचे १८०, काचांचे ४००, मिळून ५८०. वाचायला चष्मा काढत राहा, उणे ३ला तो फुकटचा वाचनचष्मा आहे. फक्त काढल्यावर दोरीला लटकवा किंवा डबीत ठेवा, आणि पुसण्याआधी पाण्याने धुवा. गरम पाणी नको, कोटिंगला बारीक तडे जातात.

सतत दोन चष्मे सांभाळणं नको असेल तर प्रोग्रेसिव्ह. कोटेशनच्या मागच्या पानावर साध्या इंडेक्सच्या प्रोग्रेसिव्ह काचा ३०० च्या घरात दिसतात. फ्रेम १२०, काचा दोनदा, एकूण ७२०. मात्र फ्रेमच्या काचेची उंची साधारण ३० मिलिमीटर हवी, नाहीतर जवळचा भाग कापला जाऊ शकतो. त्या काचांची सवय व्हायला काही दिवस लागतात आणि सगळ्यांना होतेच असं नाही. म्हणून घेण्याआधी, जमलं नाही तर साध्या काचा बदलून मिळतील का, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

टायटॅनियमची हौस असेल तर त्यावर माझा आक्षेप नाही, फ्रेम टिकते आणि काचा बदलून तीच वापरता येते. पण ती ४८-५० मापाची निवडा, सुटी काडी आणि नाकाची पॅड पुढेही मिळतील का ते विचारा.

आजच दुकानात फोन करून काचा कापायचं काम थांबवा. तुमच्या नंबरच्या, तुमच्या फ्रेममध्ये घासलेल्या काचा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाच्या नसतात, त्यामुळे एकदा कापल्यावर दुकानदार सहसा त्या परत घेत नाहीत. बयाणा फ्रेमकडे वळवून घ्या, प्लॅन रद्द करा, आणि डोळे तपासताना स्क्रीनचं अंतर टेपने मोजून सोबत न्या. नुसता "जवळचा नंबर" काढला तर तो पुस्तकाच्या अंतराचा निघेल.