नवीन सहकाऱ्याला स्वागताचा मेल: काय लिहावं?

प्रश्न: ऐरोलीच्या ऑफिसात सोमवारी आमच्या टीममध्ये एक मुलगी रुजू होतेय. तिला स्वागताचा मेल पाठवायचाय. त्यात काय लिहू?

उत्तर: मेल गुरुवारीच पाठवा, आणि तिच्या खाजगी पत्त्यावर. ऑफिसचा आयडी सोमवारपर्यंत तिला उघडता येणार नाही.

सगळ्यात जास्त जागा गेटला द्या. पहिल्या दिवशी माणूस अडकतो तो तिथेच: कार्ड नसतं, सिक्युरिटीकडे नाव नसतं आणि एचआरचा फोन लागत नाही. म्हणून आदल्या कामाच्या दिवशी तिचं नाव गेटवर कळवा आणि असं लिहा:

"सोमवारी साडेदहाला या. ठाण्याहून वाशी, नेरुळ किंवा पनवेल, कुठलीही ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोलीला थांबते. गेटवर मूळ ओळखपत्र दाखवून व्हिजिटर पास घ्या. मी खाली न्यायला येईन. माझा नंबर खाली आहे. स्वतःचा लॅपटॉप आणू नका, गेटवर नोंद करावी लागते. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि आधीच्या नोकरीचा पीएफचा यूएएन सोबत ठेवा."

बाकीचे रोज साडेनऊला येत असले तरी तिला तासभर उशिराच बोलवा. तोवर आयटीवाले तिचं लॉगिन तयार ठेवतील.

संपर्क तीनच द्या: तुम्ही, एचआर, आयटी. प्रत्येकासमोर कशासाठी फोन करायचा ते लिहा. बारा नावांची यादी कोणी वाचत नाही.

अपेक्षांमध्ये फक्त पहिला आठवडा सांगा: "सोमवारी कागदपत्रं आणि ओळखी. शुक्रवारपर्यंत एक छोटं काम माझ्यासोबत बसून पूर्ण करू." तिमाहीची उद्दिष्टं मेलमध्ये नकोत, ती समोर बसून बोला.

डबा आणायचा की कॅन्टीन आहे, हेही एका ओळीत कळवा. नवीन माणूस हे विचारायला संकोचतो.