बचत गटात पाळी जाण्यावर पहिल्यांदा बोलताय?

ताई, पहिलंच भाषण आहे तर दोन-तीन गोष्टीच धरा, हार्मोनचा तक्ता घरीच ठेवा.

सुरुवात वयापासून नको. "चाळिशी ओलांडली की..." म्हणलं की अर्ध्या बाया मान खाली घालतात. त्यापेक्षा विचारा, रात्री मधेच अंगातून वाफ निघून पदर ओला होतो असं कोणाला होतं? एक हात वर आला की बाकीच्या आपोआप बोलायला लागतात, मग सांगा की अंडाशयातलं इस्ट्रोजेन कमी झाल्यानं मेंदूतलं अंगाची गरमी सांभाळणारं केंद्र थोड्याशा उष्णतेलाही बिचकतं, म्हातारपण अंगात शिरलं म्हणून नाही.

"आता आपला काय उपयोग" असं कोणी म्हणलंच तर उपदेश करू नका, गटाचं रजिस्टर उघडा. हप्ते कोण गोळा करतं, बँकेत कोण भांडतं? त्यात पाळी गेलेल्या बाया निघतातच. बंद होतं ते मूल होणं, बाकी काही नाही.

नवीन बोलणाऱ्यांच्या दोन चुका:

- "सगळं नॉर्मलच" म्हणून सोडून देणं. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली, त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचंच.
- पिशवीचा विषय टाळणं. आपल्याकडं, बीडकडं ऊसतोडीच्या बायांत तर जास्तच, "कटकट नको, पिशवीच काढा" चालतं. सोबत अंडाशयही काढले तर वाफा एकदम जोरात येतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात. दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, हे स्पष्ट सांगा.